पारपत्रावर बदललेला चेहरा : दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास

चेन्नई : चेन्नईच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाने ३ मार्च २०२५ पासून ई-पारपत्रे देण्यास प्रारंभ केला. त्यांतील चिपमध्ये धारकाचे छायाचित्र असून त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. चिपमधील माहितीत नंतर फेरफार झालेला नाही, एवढेच ती स्वाक्षरी सांगते. मुळातच खोटा चेहरा नोंदला गेला, तर तोही अधिकृत ठरतो.

पारपत्र सेवा केंद्रात अर्जदाराचे छायाचित्र प्रत्यक्ष समोर बसवून काढले जाते, ते यासाठीच. चार वर्षांखालील बालकांचे छायाचित्र मात्र पालकांना न्यावे लागते. तेथे अ‍ॅपची हौस नको.

खरा धोका दोन चेहरे मिसळण्याचा आहे. असे छायाचित्र दोघांशीही जुळू शकते आणि एकाच पारपत्रावर दोघे प्रवास करू शकतात, हे बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले.

पारपत्र मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम १२ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १० खाली पारपत्रही रद्द होऊ शकते. अन्य सरकारी अर्जांत संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.