बार्थोलिन ग्रंथीचे गळू : घरचा शेक कोठवर पुरतो आणि निचरा केव्हा करावा

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. आमच्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात मात्र तिच्यातील अडचणीचा प्रत्यय नेहमी येतो. योनीमुखाच्या बाजूला ठणकणारी गाठ घेऊन येणारी स्त्री बहुधा तीन-चार दिवस कोणालाही न सांगता काढून मगच येते. त्या दिवसांत घरी काय करणे योग्य होते आणि कोठे थांबायला हवे होते, याची माहिती आमच्या विभागातील तज्ज्ञांकडून समजून घेऊन येथे देत आहोत.

योनीमुखाच्या दोन्ही बाजूंस, थोड्या मागच्या अंगाला, वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते. डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांनी सतराव्या शतकात तिचे वर्णन केले, म्हणून तिला बार्थोलिन ग्रंथी म्हणतात. ती ओलावा देणारा स्राव तयार करते आणि सुमारे दोन ते अडीच सेंटीमीटर लांबीच्या बारीक नलिकेवाटे तो बाहेर सोडते. या नलिकेचे तोंड बंद झाले की स्राव आत साठतो आणि गाठ तयार होते. ती निरोगी ग्रंथीप्रमाणे हाताला न लागणारी राहत नाही. बोटाला गोल, मऊ आणि एकाच बाजूस जाणवते. पुष्कळदा ती दुखत नाही. लहान, न दुखणाऱ्या गाठीवर, विशेषतः वय चाळिशीच्या आत असेल तर, बहुधा काहीही करावे लागत नाही. तिच्याकडे लक्ष ठेवले तरी पुरते.

साठलेल्या स्रावात जंतू वाढले की त्याच गाठीचे गळू होते. दोन-चार दिवसांत ती झपाट्याने वाढते, त्वचा लाल व गरम होते, बसणे, चालणे, जिना चढणे कठीण होते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. असे गळू म्हणजे पतीकडून आलेला रोगच, असा संशय घरात घेतला जातो. प्रमेहासारख्या लैंगिक संसर्गाने ते क्वचित होते, आणि शंका असल्यास तशी तपासणीही केली जाते. परंतु पुष्कळदा पुवात सापडतात ते आतड्यात सर्वांच्याच असणारे ई. कोलाय जातीचे जंतू. त्यामुळे तपासणीचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वी कोणावर दोष ठेवणे अनुचित होय.

घरच्या उपचारांत खरा उपयोग आहे तो कटिस्नानाचा. एका स्वच्छ, पसरट टबमध्ये बसल्यावर गाठीचा भाग बुडेल इतके सोसवेल असे कोमट पाणी घ्यावे आणि दिवसातून तीन ते चार वेळा, दर वेळी दहा ते पंधरा मिनिटे त्यात बसावे. पाण्यात जंतुनाशक द्रव घालण्याची गरज नाही. उलट त्याने नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. उष्णतेने त्या भागातील रक्तपुरवठा वाढतो, ताण सैल होतो, आणि काही वेळा गळू आपोआप फुटून पू बाहेर येतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. गाठ लहान असेल, ताप नसेल आणि दुखणे सोसण्याजोगे असेल, तर दोन ते तीन दिवस हा उपाय करून पाहणे योग्य आहे. मात्र गाठ दाबून पिळू नये आणि सुईने टोचू नये. तसे केल्याने जंतू आजूबाजूच्या भागात पसरतात.

मर्यादा कोठे येते, हे एका रुग्णाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. तिची ओळख पटेल असा तपशील आम्ही वगळला आहे. वय एकतीस वर्षे, दोन मुलांची आई. सोमवारी डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. तिने दोन दिवस शेक घेतला आणि ओळखीच्या औषध दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून घेतल्या. गुरुवारी गाठ लिंबाएवढी झाली आणि बसता येईना. पू एकदा पिशवीत कोंडला की केवळ गोळ्यांनी तो जात नाही, कारण औषध त्या बंद जागेत पुरेसे पोहोचत नाही. त्याला वाट करून देणे हाच उपाय उरतो. शिवाय पाच महिन्यांपूर्वी अन्य ठिकाणी याच जागी चीर देऊन पू काढला होता. तेव्हा लगेच बरे वाटले होते, परंतु चीर आठवड्याभरात मिटली.

या व्याधीचे मर्म येथेच आहे. नुसती चीर दिली तर वेदना त्याच दिवशी थांबते. पण जखमेच्या कडा लवकर एकमेकींस चिकटतात आणि नलिका पुन्हा बंद होते. म्हणून पू काढण्याइतकेच महत्त्व वाट उघडी ठेवण्याला आहे. त्यासाठी आमच्या डॉक्टरांनी या रुग्णास ‘वर्ड कॅथेटर’ बसवला. अमेरिकेतील डॉ. बुफोर्ड वर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही टोकाला फुगा असलेली लहान रबरी नळी होय. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन आतील बाजूस सुमारे पाच मिलिमीटरची चीर दिली, पू काढून त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला, नळी आत सरकवून फुग्यात दोन-तीन मिलिलिटर सलाइन भरले. नळीचे बाहेरचे टोक योनीमार्गात सरकवून ठेवल्याने चालताना ती बोचत नाही. दाखल होण्याची गरज पडली नाही; ती त्याच दुपारी घरी गेली. चार आठवडे नळी आत ठेवायची होती. या काळात पॅड वापरणे, दुसऱ्या दिवसापासून कटिस्नान आणि शरीरसंबंध टाळणे एवढेच पथ्य होते. नळीभोवती नवी त्वचा तयार होऊन स्रावासाठी कायमचे छोटे तोंड बनते. नळी काढल्यावर ते तोंड उघडे असल्याचे डॉक्टरांनी तपासून पाहिले.

दुसरी पद्धत मार्सुपियलायझेशनची. तीत गाठ उघडून तिच्या कडा बाहेरच्या त्वचेला टाक्यांनी शिवतात. ती बहुधा शस्त्रक्रियागृहात करावी लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रामुख्याने नेदरलँड्समधील १६१ स्त्रियांच्या अभ्यासात वर्षभरात गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण नळीच्या पद्धतीत १२ टक्के, तर शिवण्याच्या पद्धतीत १० टक्के होते. म्हणजे दोहोंत फारसा फरक नाही. सोय व रुग्णाची पसंती पाहून निवड करता येते. नळी मुदतीपूर्वी गळून पडणे ही पहिल्या पद्धतीतील अडचण आहे. तसे झाल्यास डॉक्टरांना लवकर दाखवावे.

काही परिस्थितींत घरी वाट पाहू नये. ताप वा थंडी वाजणे, लाली मांडीकडे वा नितंबाकडे पसरणे, मधुमेह, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी यावे. अशा वेळी निचऱ्यासोबत प्रतिजैविकेही दिली जातात. अन्यथा साध्या गळवात निचरा झाल्यावर त्यांची गरज प्रत्येकीला पडतेच असे नाही. चाळिशीनंतर प्रथमच गाठ आली, ती टणक असली किंवा पाळी गेल्यावर उद्भवली, तर तिचा तुकडा तपासून घेतात. या जागी कर्करोग फार विरळ असला, तरी तो याच वयात आढळतो.

थोडक्यात, न दुखणारी लहान गाठ तरुण वयात पाहत राहावी. दुखरी लहान गाठ दोन-तीन दिवस शेकावी. ठणकणारे, वाढते गळू शेकत बसू नये. निचऱ्यासाठी येणाऱ्या स्त्रीने अथवा तिच्या कुटुंबीयांनी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा, की पू काढल्यानंतर वाट उघडी कशी ठेवणार आहात? पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळवाचे उत्तर त्या प्रश्नात असते.