फल्लीदाणे मऊ का पडतात?

मागच्या पावसाळ्यात चंद्रपूरच्या घरी मी कढईत फल्लीदाणे भाजले आणि गरम असतानाच डब्यात भरले. सकाळी सगळे मऊ! दाण्यांतली वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत त्यांच्यावरच पडली होती.

आता ओव्हन आधी १६० अंशांवर तापवतो. ट्रेमध्ये एकच थर, १५ ते १८ मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. कढईत मंद आचेवर साधारण १२ मिनिटं, पण हात थांबला की बाहेरून डाग, आत कच्चं. काजू लवकर करपतात, १५० अंशांवर आठव्या मिनिटापासूनच बघत राहा.

आणि गरम दाणा मऊच लागतो, त्यावर जाऊ नका. साल सुटलं, आतून फिकट बदामी दिसलं की लगेच थंड ताटात पसरा. गरम ट्रेवर ते भाजतच राहतात. हाताला पूर्ण गार लागले की मगच डबा बंद.