वायद्याचा रास्त भाव कसा ठरतो

एखाद्या शेअरचा आजचा भाव १,००० रुपये आहे आणि दोन महिन्यांनी संपणारा त्याचा वायदा १,०१५ रुपयांना विकला जातो आहे. पाहणाऱ्याला वाटते, शेअर वर जाणार असा बाजाराचा अंदाज दिसतो. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. शेअर वर जाणार असे सगळ्यांना वाटत असेल, तर लोक तो आजच विकत घेतील आणि आजचाच भाव चढेल. वायदा आणि हजर भाव यांच्यातले अंतर ज्या हिशेबाने ठरते, त्यात शेअर वर जाणार की खाली, हा प्रश्न येतच नाही.

हिशेब असा. दोन महिन्यांनी शेअर हातात हवा असेल, तर दोन मार्ग आहेत. आज वायदा घ्यायचा आणि पैसे मुदतीअखेर मोजायचे, किंवा आज कर्ज काढून शेअर घ्यायचा आणि तो सांभाळायचा. शेवटी हातात तीच वस्तू येते, म्हणून दोन्ही मार्गांचा खर्चही सारखाच असायला हवा. दुसऱ्या मार्गात कर्जावर व्याज जाते, पण मधल्या काळात लाभांश जाहीर झाला तर तो मिळतो. वायदा घेणाऱ्याला व्याज पडत नाही आणि लाभांशही मिळत नाही. म्हणून रास्त भाव म्हणजे हजर भाव, अधिक मुदतीपर्यंतचे व्याज, वजा मुदतीत मिळणारा लाभांश. व्याजातून लाभांश वजा केल्यावर उरते तो शेअर बाळगण्याचा निव्वळ खर्च. गहू किंवा तांबे असेल तर त्यात गोदामाचे भाडे आणि विमाही धरावा लागतो. डीमॅट खात्यातल्या शेअरला गोदाम लागत नाही, त्यामुळे इथे मामला साधा आहे.

आकडे घालून पाहू. व्याजदर वार्षिक ७.३ टक्के धरला तर दिवसाला बरोबर ०.०२ टक्का पडतो, म्हणजे ६० दिवसांना १.२ टक्का. हजार रुपयांवर १२ रुपये व्याज. लाभांश नसता, तर रास्त भाव १,०१२ झाला असता. पण समजा, कंपनीने ८ रुपये लाभांश जाहीर केला आहे आणि त्याची एक्स-तारीख वायद्याच्या मुदतीत येते. त्या दिवशी हजर भाव साधारण तेवढ्याने उतरतो, कारण त्यानंतर शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही. तेव्हा १,०१२ मधून ८ वजा जातात आणि रास्त भाव १,००४ होतो. लाभांशाची रक्कम हाती आल्यापासून मुदतीपर्यंतचे तिच्यावरचे व्याजही काटेकोरपणे धरावे लागते, पण ते इथे काही पैशांतच आहे. मोठ्या मुदतीत मात्र ते विसरून चालत नाही.

लाभांशाच्या बाबतीत एक नियम ठाऊक असलेला बरा. नेहमीचा लाभांश वायद्याच्या करारात कुठेच दिसत नाही, तो भावातच मुरलेला असतो. बाजारभावाच्या २ टक्के किंवा अधिक इतका मोठा लाभांश जाहीर झाला, तर मात्र एक्स्चेंज कराराचा भावच तेवढ्याने कमी करून देते. अशा वेळी वायद्याच्या हिशेबात लाभांश पुन्हा वजा केला, तर तो दोनदा वजा होतो. आपल्या उदाहरणातला लाभांश ०.८ टक्काच आहे, त्यामुळे तिथे ही अडचण नाही.

निर्देशांकाच्या वायद्यात हीच गोष्ट थोडी आडून येते. निफ्टी किंवा सेन्सेक्स हे नुसत्या भावांचे निर्देशांक आहेत. कंपन्यांनी वाटलेला लाभांश त्यांत मिळवला जात नाही. भारतीय कंपन्यांचे अंतिम लाभांश मार्चअखेरच्या हिशेबानंतर येतात आणि त्यांच्या एक्स-तारखा उन्हाळा सरता सरता आणि पावसाळ्यात दाटीने पडतात. समजा, निफ्टी २४,००० वर आहे आणि मुदत ६० दिवसांची आहे. व्याज २८८ अंक झाले. वर्षाचा लाभांश १.३ टक्के धरून तो दिवसांवर सारखा वाटला, तर ६० दिवसांच्या वाट्याला सुमारे ५१ अंक येतात. पण त्या दोन महिन्यांत प्रत्यक्षात ९० अंकांचे लाभांश जाणार असतील, तर रास्त भाव २४,२३७ नसून २४,१९८ असतो. सरासरी धरून बसलेल्याला वायदा ३९ अंकांनी स्वस्त वाटेल, आणि तो उगाच खूश होईल. त्या दिवसांत प्रीमियम आक्रसतो, कधी वायदा हजर भावाखालीही जातो. त्याला मंदीची चाहूल म्हणण्याआधी लाभांशाचे कॅलेंडर पाहावे.

आता पहिल्या उदाहरणातला १,०१५ चा भाव. रास्त भाव १,००४ असताना वायदा ११ रुपयांनी महाग आहे. ज्याला ७.३ टक्क्यांनी पैसा मिळतो, तो हजार रुपये कर्ज काढून शेअर घेतो आणि त्याच वेळी वायदा १,०१५ ला विकतो. मुदतीला शेअर १,१०० झाला, तर वायद्यात ८५ रुपये तोटा होतो, पण शेअरचे १,१०० मिळतात. हाती उरतात १,०१५. शेअर ९०० झाला, तर वायद्यात ११५ रुपये नफा आणि शेअरचे ९००. बेरीज पुन्हा १,०१५. त्यात लाभांशाचे ८ मिळवले आणि कर्जाचे १,०१२ फेडले की ११ रुपये उरतात, भाव कुठेही गेला तरी. यालाच कॅश अँड कॅरी म्हणतात. म्युच्युअल फंडांचे आर्बिट्राज फंड मुख्यतः हेच करतात. शेअरची खरेदी आणि वायद्याची विक्री या दोन्हींच्या दबावामुळे अंतर आपोआप मिटत जाते. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सर्व वायद्यांची पूर्तता मुदतीला प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, त्यामुळे मुदतीला दोन्ही भाव एकत्र येण्याबद्दल शंका उरत नाही.

पण ११ रुपये पूर्ण हाती लागत नाहीत. शेअर घेताना ०.१ टक्का सिक्युरिटीज ट्रॅन्झॅक्शन टॅक्स म्हणजे १ रुपया, आणि शेवटी शेअर देताना आणखी तेवढाच. वायदा विकायला मार्जिन ठेवावे लागते. ते २० टक्के असले आणि रोख द्यावे लागले, तर २०० रुपयांवर दोन महिन्यांचे २.४० रुपये व्याज. दलाली, मुद्रांक शुल्क आणि खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर मिळून रुपयाभर. म्हणजे खर्च साडेपाच रुपयांच्या आसपास जातो. त्यामुळे रास्त भाव हा एक आकडा नसून एक पट्टा असतो, आणि या शेअरचा वायदा साधारण साडेनऊ रुपयांच्या प्रीमियमपर्यंत चढला तरी कुणी हात घालणार नाही. ज्याचा खर्च कमी त्याचा पट्टा अरुंद. म्हणून किरकोळ गुंतवणूकदाराला दिसणारी संधी मोठ्या संस्थेने बहुधा आधीच उचललेली असते.

शिवाय वायद्याचा नफा-तोटा रोजच्या रोज रोखीने चुकता होतो, शेअरचा नफा मात्र कागदावर राहतो. शेअर लगेच १,१०० वर गेला, तर विक्रेत्याला प्रत्येक शेअरमागे जवळजवळ नव्वद रुपये भरावे लागतात. शेवटी नफा निश्चित असला तरी मधे खिसा रिकामा झाला तर सौदा मोडून बाहेर पडावे लागते, आणि ज्या दिवशी ही पाळी येते त्या दिवशी अंतर बहुधा आणखी वाढलेले असते.

उलट्या दिशेचे गणित कागदावर तसेच आहे. वायदा ९९५ ला मिळत असेल, तर शेअर हजाराला विकून पैसे व्याजाने लावायचे आणि वायदा घ्यायचा. मुदतीला व्याजासह १,०१२ होतात, ९९५ देऊन शेअर परत मिळतो, हुकलेले ८ रुपये वजा केले तरी ९ रुपये उरतात. अडचण आहे ती शेअरची. ज्याच्याकडे तो आधीपासून आहे, त्याला हे जमते. ज्याच्याकडे नाही, त्याने तो उसना घ्यायला हवा. भारतात शेअर उसने देण्या-घेण्याची व्यवस्था २००८ पासून आहे, पण तिथली उलाढाल तुटपुंजी आहे. उसनवारीचे भाडे ९ रुपयांहून जास्त असेल, तर वायदा स्वस्त आहे असे म्हणताच येत नाही. ते ९ रुपये म्हणजे शेअरच्या टंचाईची किंमत. प्रीमियम लवकर मिटतो आणि डिस्काउंट रेंगाळतो, याचे मोठे कारण हेच.

मुंबईच्या दलालांना हे नवे नव्हते. वायदे येण्याआधी मुंबई शेअर बाजारात बदल्याची पद्धत होती. ज्याला पैसे देऊन शेअर उचलायचा नसे, तो दर शनिवारच्या बदला सत्रात आपला सौदा पुढच्या आठवड्यावर ढकलत असे आणि पैसे पुरवणाऱ्याला व्याज देत असे. शेअरचीच टंचाई झाली की पारडे उलटे फिरे आणि विकून बसलेल्याला पैसे मोजावे लागत. त्याला उंधा बदला म्हणत. जून २००० मध्ये सेन्सेक्स आणि निफ्टीचे वायदे सुरू झाले, जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शेअरचे वायदे आले. बदल्यात उघड दिसणारा व्याजदर आता वायद्याच्या भावात दडून बसला आहे.

तो बाहेर काढता येतो. वायदा १,०१५, लाभांश ८, हजर भाव १,०००: दोन महिन्यांत हजारावर २३ रुपये, म्हणजे २.३ टक्के, वर्षाला सुमारे १४ टक्के. अंतर काय सांगते ते इथे कळते. वायदा घेणारे लोक उधारीवर शेअर धरण्यासाठी १४ टक्के मोजायला तयार आहेत आणि त्या दराने पैसा पुरवणारे अजून पुरेसे पुढे आलेले नाहीत. ही उधारीची भूक झाली. शेअर कुठे जाईल ते तिच्यातून कळत नाही. असे महाग कर्ज काढून घेतलेले सौदे भाव पडल्यावर घाईने विकले जातात, एवढे मात्र धरून चालावे.

मोठे अंतर दिसले की आधी आपल्या आकड्यांवर शंका घ्यावी. दूरच्या महिन्याच्या वायद्यात सौदे कमी होतात. पडद्यावरचा शेवटचा भाव तासाभरापूर्वीचा असू शकतो. ऑक्टोबर १९८७ च्या घसरणीत शिकागोतला निर्देशांकाचा वायदा न्यूयॉर्कच्या निर्देशांकापेक्षा कितीतरी खाली दिसत होता. त्यातला काही भाग नुसता भास होता, कारण निर्देशांकातल्या कित्येक शेअरचे व्यवहारच सुरू झाले नव्हते आणि त्यांचे आदल्या दिवसाचे भाव मोजले जात होते. त्यानंतर एक्स-तारीख, बायबॅक किंवा कंपनीचे विभाजन मुदतीत येते का ते पाहावे. एखाद्या शेअरमधले एकूण उघडे सौदे ठरावीक मर्यादेच्या ९५ टक्क्यांपलीकडे गेले, की त्यात नवा सौदा करायला बंदी येते. मग आर्बिट्राज करणाऱ्यालाही आत शिरता येत नाही, आणि अंतर उघड्यावर पडून राहते.