गॅसच्या नळीवरची तारीख पाहिलीत का?

दिल्लीत भाड्याचं घर घेताना आपण पाणी, वीज, मेट्रो किती दूर एवढं सगळं विचारतो. करोल बाग किंवा मुखर्जीनगरमध्ये अभ्यासासाठी राहणाऱ्या मराठी मुलांच्या खोल्यांत तर शेगडी आणि नळी बहुतेक वेळा आधीच्या भाडेकरूची असते. ती नळी किती जुनी आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

ते नळीच सांगते. केशरी रंगाच्या सुरक्षा नळीवर आयएसआय खूण आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. या नळीचं आयुष्य साधारण पाच वर्षं. समजा, त्यावर मार्च 2020 ही बनवल्याची तारीख आहे, तर मार्च 2025 मध्ये तिची मुदत संपली. तुम्ही ती 2022 मध्ये विकत घेतली असली तरी मोजणी छापील तारखेपासूनच. अक्षरं पुसली गेली असतील तर नळी बदलूनच टाका. नळीवर कापडी किंवा प्लास्टिकचं कव्हर घालू नका, कारण त्याखालची भेग दिसत नाही.

भेगा बहुधा टोकांपाशी पडतात, जिथे नळी शेगडीला आणि रेग्युलेटरला जोडलेली असते. रेग्युलेटर बंद करून तिथे नळी हलकेच वाकवा. बारीक रेषा उघडल्या किंवा रबर कडक लागलं तर ती गेली. मग रेग्युलेटर चालू, शेगडीच्या कळा बंद ठेवून सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगत राहिले तर गळती आहे. काडी पेटवून तपासायची जुनी सवय मात्र कायमची सोडा!

सिलिंडर बदलताना आधी देवासमोरचा दिवासुद्धा विझवा आणि खिडकी उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि दिल्लीच्या थंडीत आपण खिडक्या घट्ट लावून बसलेले असतो. शेगडीच्या कळा आणि रेग्युलेटर बंद करा, रेग्युलेटर काढा, रिकाम्या सिलिंडरला टोपी लावा. नव्याची टोपी दोरी ओढून काढा आणि व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी रिंग आहे ना, ते सिलिंडर आणणाऱ्यासमोरच बघा. ती नसेल किंवा फाटलेली असेल तर सिलिंडर परत द्या.

आता रेग्युलेटरची खालची काळी कडी वर उचलून तो सरळ व्हॉल्व्हवर ठेवा, किंचित फिरवत दाबा आणि कडी खाली सोडा. हाताने ओढून निघाला नाही म्हणजे बसला. तो ढिला वाटला किंवा कळ अडकली तर घरी उघडू नका, वितरकाकडून बदलून घ्या.

वास आलाच तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर जाऊन 1906 वर फोन करा.