गच्चीवरच्या पाइपला हलायला जागा हवी

सोसायटीच्या गच्चीवरची सोलरची गरम पाण्याची लाइन गळते, आणि बऱ्याचदा दरवर्षी त्याच एल्बोपाशी गळते. प्लंबर येतो, तुकडा कापतो, नवा एल्बो चिकटवतो आणि पैसे घेऊन जातो. खापर फुटतं एल्बोच्या कंपनीवर, नाहीतर चिकटवायच्या सोल्युशनवर. बिचारा एल्बो बहुधा निर्दोष असतो. लांब पाइप तापला की वाढतो. ती वाढ कुठे जायची हे कुणी ठरवलं नसेल, तर सगळा ताण सर्वांत कमकुवत जागी येतो.

ही वाढ किती असते? सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याचा तो पिवळसर प्लास्टिकचा पाइप घेऊ. त्याचा एक मीटर एका अंश सेल्सिअसला साधारण ०.०६५ मिलिमीटर वाढतो. आकडा फुटकळ वाटतो. पण गच्चीवर टाकीपासून शेवटच्या डक्टपर्यंत ४० मीटरची सरळ लाइन आहे असं धरा. थंडीतल्या पहाटे, वापर नसताना, पाइप १५ अंशांवर आलेला असतो आणि गरम पाणी सुरू झालं की ६५ अंशांवर जातो. फरक ५० अंशांचा. ४० गुणिले ५० गुणिले ०.०६५ केलं की येतात १३० मिलिमीटर. म्हणजे पाइप रोज तेरा सेंटिमीटर लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. तीच लाइन जीआय पाइपची असती तर वाढ २४ मिलिमीटरच्या आसपास झाली असती, तांब्याची असती तर ३४.

यावरून जीआय सोयीचा असं वाटेल, पण तो फसवा आहे. दोन इंची जीआय पाइप दोन्ही टोकांना पक्का जखडून ५० अंशांनी तापवला, तर तो टोकांवर साडेसात टनांहून अधिक जोर लावू पाहतो. पाइप दोन मीटरचा असो की ४० मीटरचा, हा जोर तेवढाच. प्रत्यक्षात इतका जोर येण्याआधी पाइप वाकतो, क्लॅम्प उखडतो किंवा भिंतीचं प्लास्टर फुटतं. एक इंची सीपीव्हीसी मात्र दीडशे किलोच्या आसपासच ढकलतो आणि जोर संपला की नागमोडी होतो. म्हणून जीआयवर हात बसलेला माणूस सीपीव्हीसी टाकताना चुकतो. त्याला जोराची सवय असते, एवढ्या लांबीच्या हालचालीची नसते.

हालचाल थांबवता येत नाही, तिला दिशा देता येते. आपल्या लाइनला तीन अँकर द्यायचे: एक टाकीच्या बाजूच्या टोकाला, एक मधोमध, एक शेवटी. अँकर म्हणजे जिथे पाइप अजिबात सरकायचा नाही ती जागा. आता वीस-वीस मीटरचे दोन भाग झाले, प्रत्येकाची वाढ ६५ मिलिमीटर. प्रत्येक भागाच्या मध्यावर एक लूप घालायचा, म्हणजे लाइन बाजूला वळवून यूच्या आकारात परत मूळ रेषेत आणायची. दोन्ही बाजूंची वाढ त्या यूकडे धावते आणि यूचे पाय वाकून ती पचवतात.

वाकतात ते पाय. एल्बो वाकत नाहीत. गच्च्यांवर हीच चूक सर्रास दिसते. चार एल्बो आणि मध्ये दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे जोडून कुणीतरी ‘लूप’ केलेला असतो. इतके आखूड तुकडे वाकूच शकत नाहीत, त्यामुळे सगळा ताण सांध्यांवर जातो. असा लूप नसलेला बरा. निदान गळायला चार सांधे तरी कमी राहतील. आपल्या उदाहरणात एक इंची पाइपसाठी हिशेब असा येतो: लूपची एकूण लांबी सुमारे एक मीटर. त्यातले दोन पाय चाळीस-चाळीस सेंटिमीटरचे आणि मधली आडवी बाजू वीसची. पाइप जाडा असेल किंवा पाणी जास्त गरम असेल तर लांबी वाढते, कारण तापलेलं प्लास्टिक कमी ताण सोसतं. पाइप कंपन्या याचे तक्ते देतात. ते पाहूनच माप घ्यावं.

लूप गच्चीवर आडवा झोपवायचा. उभा केला तर वरच्या वळणात हवा साठते. पंपाशिवाय नुसत्या उतारावर चालणाऱ्या सोलरमध्ये तेवढी हवा प्रवाह अडवायला पुरते, आणि मग खालच्या मजल्यावरून ‘पाणीच येत नाही’ अशी तक्रार येते. उभाच करावा लागला तर वरच्या टोकाला हवा काढायचा व्हॉल्व्ह हवा.

आता क्लॅम्प. एक इंची सीपीव्हीसीला साधारण दर ९० सेंटिमीटरला आधार लागतो, नाहीतर गरम पाइप मध्ये झोळ खातो. पण आधार देणं वेगळं आणि आवळणं वेगळं. अँकर सोडून बाकी सगळे क्लॅम्प सैल हवेत: पाइप वजनाने टेकला पाहिजे, आडवा पळता कामा नये, पण लांबीच्या दिशेने सरकला पाहिजे. प्रत्येक क्लॅम्प पाना लावून करकचून आवळला की लूप कितीही सुबक असो, त्याच्यापर्यंत वाढ पोचतच नाही. लूपच्या पायांवर तर पाइप अडकेल असा क्लॅम्प नकोच. अँकर करतानाही पाइप दाबायचा नसतो. पाइपवर दोन कपलिंग बसवायची आणि त्यांच्या मध्ये क्लॅम्प ठेवायचा, म्हणजे कपलिंगच्या कडा क्लॅम्पला अडतात आणि पाइपला इजा होत नाही.

डक्टमध्ये उतरणाऱ्या फाट्यांचं काय? अँकरपासून दूर जावं तसा पाइप दर मीटरला सव्वातीन मिलिमीटर जास्त सरकतो. अँकरपासून तीन मीटरवरचा टी सुमारे दहा मिलिमीटर हलेल, लूपजवळचा तीस मिलिमीटरहून अधिक. त्या टीमधून पाइप थेट खाली स्लॅबमध्ये गेला असेल आणि भोवती सिमेंट भरलेलं असेल, तर तो टी तुटणारच. म्हणून फाटे शक्यतो अँकरजवळ काढावेत. ते जमत नसेल तर फाटा आधी काही अंतर गच्चीवर आडवा, मोकळा न्यावा आणि मग खाली उतरवावा. भिंतीतून जाताना भोवती मोठ्या पाइपचा तुकडा घालावा आणि फटीत मसाला न भरता मऊ सीलंट भरावं. परतीच्या पाण्याची लाइन असेल तर तीही तापते. तिलाही हेच नियम.

तुमच्या गच्चीवरची लाइन ठीक आहे का, हे पाहायला पेन्सिल पुरते. पहाटे, पाइप गार असताना, लूपच्या अलीकडच्या क्लॅम्पला लागून पाइपवर एक रेघ मारा. वरून इन्सुलेशन असेल तर तेवढ्या जागी ते बाजूला करा. गरम पाणी सुरू होऊन अर्धा तास झाला की पुन्हा पाहा. रेघ क्लॅम्पपासून लूपच्या दिशेने सरकली असेल तर पाइप मोकळा आहे. जागची हलली नसेल आणि क्लॅम्पांच्या मधला पाइप धनुष्यासारखा वाकलेला दिसत असेल, किंवा सकाळी कटकट आवाज येत असेल, तर वाढ कुठेतरी अडली आहे. अशा वेळी एल्बो बदलण्याआधी अँकर सोडून बाकीचे क्लॅम्प सैल करून पाहा. त्याला खर्च काहीच नाही. आणि नवी लाइन टाकून घेत असाल, तर बिल चुकतं करण्याआधी प्लंबरला अँकर आणि लूप नेमके कुठे आहेत ते दाखवायला सांगा.