‘आलात बरं यात्रेला!’

आमचं गाव लोहा, मामेभाऊ निजामाबादचा. मेसेज तो तेलुगूत लिहितो, मी मराठीत. दोघंही भाषांतर करून वाचतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला तो आला नाही, म्हणून मी लिहिलं, “आलात बरं यात्रेला!” त्याचं गंभीर उत्तर आलं, “मी नाही आलो, कुणी सांगितलं?”

टोमणा होता ‘बरं’मध्ये आणि लहान भावाला म्हटलेल्या ‘आलात’मध्ये. ‘बरं’ भाषांतरात गळालं. तेलुगूतही नुव्वु-मीरु, म्हणजे तू-तुम्ही, आहे. पण नुसता आदर त्याला खराच वाटला. मी 😜 नंतर वेगळं पाठवलं होतं, तेही सुटं पडलं.

आता लिहितो, “आलात बरं, साहेब गारू! 😜” त्याच ओळीत. लगेच कळतं. नुसता 🙂 मात्र टाळतो; घरातले मोठे तो मनापासून पाठवतात.