नंबर बदलल्याचा निरोप

नवे सिम घेतल्यावर नातेवाइकांना पाठवायचा निरोप दोन ओळींचा असतो: नंबर बदलला आहे, नवा जपून ठेवा. निरोप पोचणार की नाही आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवणार की नाही, हे मात्र तो कोणत्या नंबरावरून आणि कधी निघतो यावर ठरते. बहुतेक लोक आधी जुने सिम काढतात आणि मग नव्या नंबरावरून ‘हा माझा नवीन नंबर, सेव्ह करा’ असे सगळ्यांना पाठवतात. घोटाळा इथेच होतो.

अनोळखी नंबरावरून आलेल्या अशा निरोपात बहुधा नावही नसते. पाठवणाऱ्याला आपला फोटो पुरेसा वाटतो, पण फोटो कोणालाही लावता येतो. ‘काका, मी तुमचा पुतण्या, नंबर बदललाय’ असे सांगून दुसऱ्या दिवशी दवाखान्यासाठी किंवा अडकलेल्या व्यवहारासाठी पैसे मागणे, ही फसवणुकीची सर्रास वापरली जाणारी रीत आहे. खरा पुतण्या आणि तोतया यांचा पहिला निरोप शब्दशः सारखा असू शकतो. त्यामुळे सावध काकू उत्तर देत नाहीत, यात त्यांची चूक काहीच नाही.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर आधीच सेव्ह आहे, त्यांनाच मिळतो. नवा नंबर तर अजून कोणाकडेच नसतो. पाठवणाऱ्याला वाटते सगळ्यांना कळले. प्रत्यक्षात निरोप कोणाच्याच फोनवर उतरलेला नसतो. बऱ्याच निरोपांपुढे दिवसभर एकच टिक राहिली, तर कारण हेच असण्याची शक्यता धरावी.

म्हणून निरोप जुन्या नंबरावरून, तो चालू असतानाच पाठवावा. नातेवाइकांच्या फोनमध्ये त्यावर नाव आहे, मागची बोलणी आहेत. ओळख पटवण्याचा प्रश्नच उरत नाही. मजकूर असा असू शकतो:

‘मी वंदना, कराडच्या अण्णांची धाकटी. माझा नंबर बदलत आहे. नवा नंबर ९८××× ×××××. जुना ३१ मार्चपर्यंत चालू राहील. नवा सेव्ह करून मला त्यावर एक मिस्ड कॉल द्यावा. शंका वाटल्यास जुन्या नंबरावर फोन करून विचारावे.’

यातले ‘कराडच्या अण्णांची धाकटी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोठ्या गोतावळ्यात वंदना तीन असतात, आणि सासरच्या मंडळींना माहेरचे आडनाव आठवतेच असे नाही. तारखेमुळे जुना नंबर कधी पुसायचा ते कळते. मिस्ड कॉल आला की नंबर बरोबर उतरवला गेला याची पावती मिळते. एक आकडा चुकला असेल तर तो तेव्हाच लक्षात येतो. निरोपातला नंबर 0 ते 9 अशा इंग्रजी अंकांत लिहिलेला बरा, कारण फोन ते अंक ओळखतो आणि नुसते बोट ठेवून नंबर सेव्ह करता येतो. परदेशात नातेवाईक असतील तर आधी +91 लावावे.

व्हॉट्सॲपचे खाते नव्या नंबरावर न्यायचे असेल तर सेटिंग्जमधील अकाउंटखाली ‘चेंज नंबर’ हा पर्याय आहे. त्यात जुना आणि नवा नंबर भरतात. गट तसेच राहतात आणि गटातल्यांना बदलाची सूचना आपोआप जाते. इतरांपैकी कोणाला कळवायचे ते निवडता येते. ही सूचना फक्त त्या ॲपपुरती असते. साध्या फोनवर बोलणाऱ्या आजी-आजोबांपर्यंत ती जात नाही. त्यांना फोन करून नंबर सावकाश सांगावा, वहीत लिहून घ्यायला लावावा आणि परत वाचून दाखवायला सांगावा.

जुना नंबर पुसण्याचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. भारतात बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. आत्याने सवयीने जुन्या नंबरावर लग्नाची पत्रिका किंवा घरातली कागदपत्रे पाठवली, तर ती परक्याच्या हाती पडतील.

निरोप मिळालेल्याचे कामही थोडेच आहे. अनोळखी नंबरावरून तो आला तर सेव्ह करण्याआधी जुना नंबर फिरवावा. तो बंद लागला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारावे, किंवा नव्या नंबरावर बोलून आवाज ओळखावा. नंबर खरा ठरला तर त्याच नावाची दुसरी नोंद न करता जुन्याच नोंदीत तो भरावा. पैसे मागितल्यावर संशय आला तर काहीही पाठवू नये, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार करावी.